खोक्यावरचा मार्का वाचून माल ओळखायचा कसा: पॉवर बँकच्या एका लॉटची उलटतपासणी

प्रश्न: माझं बारामतीत मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. भिवंडीच्या एका पार्टीनं व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटो पाठवलाय. म्हणतो २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे, ३९० रुपये नग, एका खोक्यात ८० नग, कमीत कमी १० खोकी उचला. कस्टममधला माल आहे म्हणून स्वस्त. उद्यापर्यंत ५०,००० टोकन मागतोय. नुसतं लेबल बघून आत काय आहे ते कळतं का?

उत्तर: पुष्कळ कळतं. पहिली गोष्ट म्हणजे ती २०,००० ची नाही, १०,००० ची निघाली तरी नशीब समजा. टोकन देऊ नका. हे मी माल न बघता सांगतोय, तुमच्याच फोटोतल्या दोन आकड्यांवरून. कसं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढचा फोटो येईल तेव्हा तुम्हालाच हिशेब करता येईल.

मी अकरा वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे होतो. कंटेनर उघडला की खोकी मोजायची आणि त्यांवरचा मार्का पॅकिंग लिस्टशी ताडायचा, हेच काम. आता कल्याणला स्वतःचा छोटा घाऊक धंदा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोकी पाहिली आहेत. तुमचा फोटो मोठा करून मी जे वाचलं ते असं:

```
<RK>
NHAVA SHEVA
C/NO: 1-160

ITEM NO: PB-2087
品名: 移动电源
QTY: 80 PCS
G.W.: 19.6 KGS
N.W.: 18.0 KGS
MEAS: 46x32x27 CM
MADE IN CHINA
```

हे दोन भाग मुद्दाम वेगळे लिहिले, कारण खोक्यावरही ते वेगवेगळ्या बाजूंना असतात. लांब बाजूवर मार्का असतो: कोणाचा माल, कुठल्या बंदरात उतरायचा, कितवं खोकं. तो वाहतुकीसाठी, हमालासाठी आणि गोदामवाल्यासाठी छापलेला असतो. आखूड बाजूवर मालाची माहिती असते: आयटम नंबर, नग, वजन, माप. पुष्कळ पार्ट्या एकाच बाजूचा फोटो पाठवतात, आणि बहुतेकदा तो मार्क्याचा, कारण त्यावर ‘न्हावा शेवा’ ठळक दिसतं आणि इम्पोर्टेड असल्याचा भरवसा वाटतो. तुमच्या पार्टीनं कोपऱ्यावरून फोटो काढला म्हणून दोन्ही बाजू सापडल्या. पुढे कोणीही एकच बाजू पाठवली तर लागूनची दुसरी बाजू मागायची. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचा, नाहीतर तो दाबून छोटा होतो आणि ६ आणि ८ मध्ये फरक कळत नाही.

‘आरके’ ही चौकटीतली अक्षरं म्हणजे ब्रँड नव्हे. तो माल मागवणाऱ्याचा मार्का, आपल्याकडे धान्याच्या पोत्यावर अडत्याची खूण असते तसा. चीनमध्ये दहा गिऱ्हाइकांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरणारे एजंट असतात. ते प्रत्येकाला दोन-तीन अक्षरं देतात आणि इकडे उतरल्यावर त्याच अक्षरांवरून खोकी वेगळी करतात. त्यामुळे एकाच मार्क्याच्या खोक्यांत पॉवर बँक, केसाच्या क्लिपा आणि छत्र्या असं काहीही निघू शकतं. मार्क्यावरून माल ओळखू येत नाही. तो लॉट एकाच गिऱ्हाइकाचा आहे, एवढंच कळतं.

आयटम नंबरचंही तसंच. तुम्ही हा नंबर नेटवर शोधला असेल आणि कुठल्या तरी छान पॉवर बँकचे फोटो आले असतील. त्यावर जाऊ नका. खोक्यावरचा आयटम नंबर फॅक्टरीचा असतोच असं नाही. मधला ट्रेडर स्वतःच्या कॅटलॉगसाठी नंबर देतो, आणि त्याच नंबरानं दुसरा ट्रेडर वेगळाच माल विकत असतो.

मालाचं नाव खरं तर त्या चिनी ओळीत आहे. फॅक्टरीतला कामगार इंग्रजी वाचत नाही, त्याच्यासाठी ती ओळ असते, म्हणून तिच्यात फसवाफसवी कमी होते. तुमच्या लेबलवरची नावापुढची चार अक्षरं म्हणजे पॉवर बँकच. तेवढं पार्टी खरं बोलली. या पाच अक्षरजोड्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, इंग्रजी नसलेलं लेबलही वाचता येईल:

```
品名  मालाचं नाव
货号  आयटम नंबर
数量  नग
毛重  खोक्यासकट वजन
净重  आतल्या मालाचं वजन
```

आता मुख्य मुद्दा, वजन. लेबलावर आतल्या मालाचं वजन १८ किलो आहे आणि नग ८०. भागाकार केला की एका नगाला २२५ ग्रॅम येतात. या २२५ मध्ये छापील डबी आणि छोटी केबल धरलेली असते, कारण फॅक्टरी ‘नेट’ लिहिताना साधारणपणे फक्त बाहेरचं खोकं वजा करते. डबी आणि केबलचे ३५-४० ग्रॅम काढा. हातात राहते १८५ ग्रॅमची पॉवर बँक.

२०,००० एमएएचला लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट लावले की ७४ वॅट-तास होतात. हा गुणाकार सोपा आहे: एमएएचला हजारानं भागायचं आणि ३.७ नं गुणायचं. बाजारातल्या साध्या पॉवर बँकमधले सेल किलोमागे साधारण २०० ते २५० वॅट-तास धरतात. म्हणजे ७४ वॅट-तासांना नुसत्या सेलचंच वजन ३०० ते ३७० ग्रॅम हवं. त्यावर प्लास्टिकची बॉडी आणि आतली सर्किटची पट्टी, मिळून ४०-४५ ग्रॅम तरी धरा. तुमचा अख्खा नग १८५ ग्रॅमचा आहे. त्यात २०,००० बसूच शकत नाही.

उलट बाजूनं बघू. १८५ मधून बॉडी आणि पट्टीचे ४५ गेले, सेल उरले १४० ग्रॅम. १४० ग्रॅममध्ये २८ ते ३५ वॅट-तास, म्हणजे साडेसात ते साडेनऊ हजार एमएएच. सेल उत्तम आणि बॉडी अगदी हलकी असेल तर ओढूनताणून १०,००० होईल. म्हणून वर म्हटलं, १०,००० ची निघाली तरी नशीब. आता ३९० रुपयांचा भाव १०,००० च्या, बिननावाच्या मालाशी लावून बघा. स्वस्ताई कुठे गेली ते दिसेल.

सेलचं वजन ध्यानात ठेवायला एक सोपी खूण आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड, गोल सेल असतो, तो साधारण ४५ ग्रॅमचा. त्यातला मध्यम प्रतीचा सेल २,५०० एमएएचचा धरला तर २०,००० ला आठ सेल लागतात, म्हणजे ३६० ग्रॅम. दुकानात एखादी नावाजलेल्या कंपनीची २०,००० ची पॉवर बँक असेल तर आजच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. पुढे हाच तुमचा मापदंड.

इथे एक गोष्ट गफलतीची. पॉवर बँकवर ‘१०,००० एमएएच’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘रेटेड ६,२००’ किंवा तसं काही असतं. ही फसवणूक नाही. सेल ३.७ व्होल्टचे असतात आणि बाहेर ५ व्होल्ट द्यायचे असतात, त्या बदलात आकडा खाली येतो आणि थोडी वीज उष्णतेतही जाते. दोन्ही आकडे छापणारा माणूस प्रामाणिक समजायला हरकत नाही. वजनाचा हिशेब मात्र मोठ्या आकड्यावर करायचा.

या कसोटीची मर्यादाही सांगतो, कारण नंतर कोणी तुम्हाला जड माल दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. वजन कमी भरलं तर माल नक्की खोटा. वजन बरोबर भरलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. बॉडीत लोखंडी पट्टी किंवा सेलच्या नळकांड्यात वाळू भरून वजन आणलेले नग मी स्वतः फोडून पाहिले आहेत. म्हणून वजनाचा उपयोग गाळणीसारखा. गाळणीतून खाली उतरलेला माल पुढे उघडून, चार्ज करून तपासायचाच असतो.

लेबलावरचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. एकूण वजन १९.६ आणि नेट १८, फरक १.६ किलो. ४६ बाय ३२ बाय २७ चं पाच पदरी खोकं आणि आतले पुठ्ठे मिळून तेवढं होऊ शकतं, त्यामुळे इथे आकडे जमतात. पण काही फॅक्टऱ्या सरसकट एक किलो कमी करून नेट लिहितात, तर काही आधीच्या ऑर्डरचंच लेबल पुन्हा छापतात. पार्टीकडे दोन वेगळ्या आयटमची खोकी असतील आणि दोन्हींवर वजन, माप तंतोतंत सारखं असेल, तर ते लेबल नकललेलं आहे असं धरा. आकाराचाही एक झटपट ताळा असतो: ४६ गुणिले ३२ गुणिले २७ भागिले ८०, म्हणजे एका नगाच्या वाट्याला सुमारे ५०० घन सेंटिमीटर. १७ बाय १० बाय अडीचची डबी ४२५ होते, म्हणजे नुसत्या घनफळाच्या हिशेबानं ८० डब्या खोक्यात मावू शकतात. बसल्या नसत्या तर आकडेच खोटे ठरले असते.

यात मी स्वतः भाजलोय म्हणून एवढं लांबण लावतो. कल्याणला धंदा सुरू केला त्या पहिल्याच वर्षी एका पार्टीकडून ब्लूटूथ स्पीकरची ३० खोकी घेतली. फोटो झकास, लेबल स्वच्छ, भागाकार अगदी बरोबर. पहिलं खोकं माझ्यासमोर उघडलं, तेही बरोबर. टेम्पो भरला, पैसे दिले. घरी आल्यावर हमाल म्हणाला, “शेठ, मागची खोकी हलकी लागतात.” काट्यावर टाकली तर लेबलावर १४.८ किलो आणि प्रत्यक्षात ११ च्या आसपास. आतले चांगले नग काढून त्या जागी रिकाम्या बॉड्या आणि खराब नग भरले होते. टेप दोनदा लावली होती. आधीच्या टेपची कड नव्या टेपखालून अर्धा सेंटिमीटर बाहेर डोकावत होती, आणि मी ती फोटोत पाहूनही सोडून दिली होती. फॅक्टरीनं त्या दिवशी काय भरलं एवढंच लेबल सांगतं. आज आत काय आहे ते काटा सांगतो.

त्यामुळे फोटोनंतर दुसरी मागणी हीच असू द्या: तेच खोकं काट्यावर ठेवून व्हिडिओ. खोक्याचा नंबर आणि काट्याचा आकडा एकाच फ्रेममध्ये हवा. भिवंडीच्या कोणत्याही गोदामात काटा असतो, त्यामुळे ‘काटा नाही’ हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. लेबलापेक्षा शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं, कागद दमट असतो. अर्ध्या किलोच्या वर फरक असेल तर कारण विचारा.

आता फोटोत जे नाही त्याकडे या. लिथियम बॅटरीच्या खोक्यावर एक ठरलेली खूण लागते: लाल तिरप्या रेघांची चौकट, मध्ये बॅटऱ्यांचं चित्र आणि खाली `UN3480` हा नंबर. पॉवर बँक ही नुसती बॅटरी मानली जाते, म्हणून तिला ३४८० लागतो. ३४८१ असेल तर आत बॅटरी असलेलं उपकरण आहे, स्पीकर किंवा पंखा, किंवा उपकरणाबरोबर वेगळी ठेवलेली बॅटरी. नुसता हा शेवटचा आकडा वाचूनही पार्टी आणि खोकं एकच गोष्ट सांगतायत का ते कळतं. तुमच्या फोटोत ही चौकट कुठेच नाही. ती तिसऱ्या बाजूवर असू शकते, म्हणून आधी चारही बाजू मागा. चारही बाजूंना नसेल तर सरळ अर्थ असा की जहाजात चढवताना हा माल बॅटरी म्हणून सांगितलेलाच नव्हता. केबल, प्लास्टिकच्या वस्तू असं काहीतरी सांगून आला असणार. अशा मालाची कागदपत्रं नंतर जुळत नाहीत.

आणखी एक उणीव आहे. आपल्याकडच्या पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे घाऊक खोक्यावरसुद्धा आयातदाराचं नाव-पत्ता, आत कोणती वस्तू आणि किती डब्या हे लिहिलेलं लागतं. आतल्या प्रत्येक डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, कोणत्या देशात बनली, एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. हे स्टिकर माल कस्टममधून सुटण्याआधी लागतात, दुकानदारानं मागाहून चिकटवायचे नसतात. तुमच्या खोक्यावर नुसतं ‘आरके’. डबीचा फोटो मागा, पुढून आणि मागून. पार्टी म्हणाली की “एमआरपीचे स्टिकर रोलमध्ये देतो, तुम्ही लावून घ्या”, तर आयातदार समोर यायला तयार नाही हे समजून घ्या.

डबीवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बीआयएसची खूण. पॉवर बँकला भारतात बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. डबीवर आणि नगावर ती खूण, भारतीय मानकाचा क्रमांक आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नंबर दिसायला हवा. बहुतेक पॉवर बँकवर आयएस १३२५२ (भाग १) हे मानक दिसेल. नुसती खूण पाहून समाधान मानू नका, ती छापायला दोन रुपये लागत नाहीत. बीआयएस केअर ॲप उघडा, आर नंबर तपासण्याच्या खान्यात तो टाका. समोर फॅक्टरीचं नाव, पत्ता, ब्रँड आणि कोणत्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते येतं. इथे लोक घाई करतात: नंबर खरा निघाला की झालं असं समजतात. नंबर खरा असतो, पण दुसऱ्याच्याच ब्रँडचा किंवा मोबाईल चार्जरचा. नोंदणी एका फॅक्टरीला, ठरावीक ब्रँडला मिळते, त्यामुळे ॲपमधला ब्रँड आणि डबीवरचा ब्रँड अक्षराला अक्षर जुळला पाहिजे, वस्तूही पॉवर बँकच हवी आणि नोंदणी चालू असायला हवी. नोंदणी नसलेला माल आयात करणाराच अडकतो हाही गैरसमज आहे. बीआयएस कायदा विकणाऱ्यालाही आणि विकण्यासाठी साठवणाऱ्यालाही लागू होतो. धाड पडली तर तुमच्या शोकेसमधला माल उचलतात, भिवंडीवाला फोन उचलत नाही.

डबीवरच्या सीई वगैरे खुणांना इथे महत्त्व देऊ नका, त्या युरोपासाठी असतात. बारकोडवरूनही लोक देश ठरवतात. ६९० ते ६९९ ने सुरू होणारा कोड चीनमध्ये नोंदवलेल्या कंपनीचा आणि ८९० भारतात नोंदवलेल्या कंपनीचा, एवढंच खरं. ८९० आहे म्हणून माल भारतात बनला असं होत नाही.

राहिलं ‘कस्टममधला माल’. घाऊक बाजारात हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. खरा लिलाव होतो, त्यात काही गूढ नाही: उतरवल्यापासून ३० दिवसांत कोणी सोडवला नाही तर कस्टम कायद्याच्या कलम ४८ खाली तो माल विकता येतो. पण लिलावात घेणाऱ्याकडे कागद असतात. लॉट नंबर, भरलेली रक्कम, कर, गेटमधून बाहेर काढल्याची पावती. आणि बीआयएस सक्तीचा माल नोंदणीशिवाय लिलावातूनही सहसा बाजारात सुटत नाही. म्हणजे कस्टमचा माल असला तरी वरची आर नंबरची अट टळत नाही.

लिलावाचा नसून सरळ आयातीचा असेल तर बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे माल सोडवताना आयातदार कस्टमकडे भरतो त्या कागदाची, कॉपी मागा. पार्टी म्हणेल, माझा खरेदीभाव दिसेल. बरोबर आहे, कोणताही व्यापारी भाव दाखवणार नाही. भावाचा रकाना झाकून द्यायला सांगा, आपल्याला त्यातल्या चारच गोष्टी हव्यात: नंबर आणि तारीख, मालाचं वर्णन, एकूण पॅकेज आणि एकूण वजन. आता तुमच्या लेबलवरचा हिशेब कामाला येतो. खोकी १ ते १६०, एकेक १९.६ किलो, म्हणजे १६० गुणिले १९.६ बरोबर ३,१३६ किलो. बिलात या आयटमची १६० पॅकेज आणि वजन ३,१०० च्या आसपास असेल, मार्क्यात आरके असेल, तर कागद आणि खोकी एकाच घरातली. त्याच बिलात आणखी माल असेल तर आकडे मोठे दिसतील, तेव्हा पॅकिंग लिस्टमधली या आयटमची ओळ मागायची. वर्णनात पॉवर बँक किंवा लिथियम-आयन बॅटरी आणि ८५०७ ६० ने सुरू होणारा एचएसएन हवा. ‘मोबाईल ॲक्सेसरीज’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते बिल या मालाचं मानू नका.

बिल खोटं आहे का हे कस्टमच्या आइसगेट या साइटवर बघता येतं. बिल ऑफ एंट्रीच्या चौकशीत बंदराचा कोड `INNSA1`, बिलाचा नंबर आणि तारीख टाकायची. असं बिल आहे का आणि माल सुटलाय का ते कळतं. मालाचं वर्णन मात्र पार्टीच्या कॉपीवरच वाचावं लागतं. तुमच्या पार्टीनं माल दुसऱ्या आयातदाराकडून घेतला असेल तर बिल त्या आयातदाराच्या नावावर असणार, त्यात वावगं काही नाही. फक्त आयातदार ते तुमची पार्टी हे मधलं जीएसटी बिल हवं, आणि तुम्हाला मिळणारं बिलही पक्कं हवं. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचवल्यासारखे वाटतात, पण एखादा नग गिऱ्हाइकाच्या खिशात फुगला तर मागे बोट दाखवायला कोणी नसतं.

आता मार्क्यातल्या त्या खोके क्रमांकाकडे परत येतो, कारण छोट्या गिऱ्हाइकाच्या हातातलं ते सगळ्यात चांगलं हत्यार आहे आणि कोणी वापरत नाही. ‘१-१६०’ हे सगळ्या खोक्यांवर सारखं छापलेलं आहे, पण तुमच्या फोटोत त्याखाली मार्करनं ११८ लिहिलंय. म्हणजे भरताना प्रत्येक खोक्याला स्वतःचा नंबर दिला होता. नमुन्याचं खोकं पार्टीनं निवडायचं नाही, तुम्ही निवडायचं. आधी विचारा, तुमच्याकडे कोणत्या नंबरची खोकी शिल्लक आहेत. त्यानं १०० ते १४५ सांगितलं की तुम्ही म्हणायचं, १३१ नंबरचं आणि १०४ नंबरचं खोकं उघडून दाखवा. माल खरोखर त्याच्या गोदामात असेल तर दहा मिनिटांत व्हिडिओ येतो. माल दुसऱ्याचा असेल आणि हा नुसता फोटो फिरवणारा दलाल असेल, तर तिथेच “गोदाम बंद आहे”, “मुलगा सुट्टीवर आहे” सुरू होतं. फोटो फिरवणारे खूप आहेत. एकाच ११८ नंबरच्या खोक्याचा फोटो मला गेल्या महिन्यात दोन वेगळ्या नावांनी आला होता, टेपवरच्या त्याच सुरकुतीसकट.

सगळं जमलं आणि तुम्हाला तरीही घ्यायचाच असेल, १०,००० चा माल म्हणून, १०,००० च्या भावात, तर १० खोकी उचलू नका. दोन डब्या कुरियरनं पैसे देऊन मागवा. एक नग फुल चार्ज करून तुमच्याच फोनवर किती वेळा चार्ज होतो बघा, दुसरा उघडून सेलवरचं छापील वाचा. ५,००० एमएएचच्या बॅटरीचा फोन खऱ्या १०,००० च्या पॉवर बँकवर सव्वा वेळ तरी पूर्ण भरतो. एकदाही पूर्ण भरला नाही तर वजनाचा हिशेब बरोबर होता.

आज पार्टीला एवढाच मेसेज टाका, जसाच्या तसा चालेल: “भाऊ, माल बघायची तयारी आहे. ११८ नंबरच्या खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तेच खोकं काट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवा. डबीची पुढची-मागची बाजू पाठवा, आर नंबर वाचता आला पाहिजे. भाव झाकून बिल ऑफ एंट्री द्या. शिल्लक खोक्यांचे नंबर सांगा, त्यातली दोन मी सांगेन ती उघडा. टोकन त्यानंतर.” उत्तर आलं तर आर नंबर आणि काट्याचा आकडा मला इथे टाका, मी हिशेब करून सांगतो.